माझे दाट, फुलणारे केस आणि तीन सारख्या दिसणाऱ्या क्रीम

मृग बरसला की माझे केस पिंजलेल्या कापसासारखे फुलतात. कंबरेपर्यंत लांब, दाट, धड सरळ नाहीत अन् धड कुरळेही नाहीत. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी बोअरचं पाणी. ते इतकं जड की बकेटीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. बचतगटाच्या कामानं मी रोज स्कूटीवर तीन-चार गावं फिरते. संध्याकाळी घरी येईपर्यंत वेणीतून सुटलेल्या केसांचं डोक्याभोवती जाळंच झालेलं असायचं.

मागच्या वर्षी आषाढात तालुक्याच्या दुकानातून मी एकदमच तीन वस्तू आणल्या: कंडिशनर, लीव्ह-इन आणि हेअर मास्क. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही मऊ, वासही जवळपास सारखाच. फरक काय ते दुकानदाराला सांगता आलं नाही. मीच ठरवून टाकलं की धुऊन टाकलेल्या कंडिशनरनं केस एवढे मऊ होतात, तर तेच केसांत राहू दिलं तर आणखी चांगलं. म्हणून दोन आठवडे मी कंडिशनर लावायचे आणि वरवर एक तांब्या पाणी घेऊन तसंच वेणी घालायचे. फुलणं खरंच थोडं कमी झालं. पण केस चिकट झाले, रस्त्याची धूळ त्यात बसू लागली, टाळू खाजू लागली आणि कपाळावर, अगदी केसांच्या कडेनं, बारीक पुरळ उठलं. आजी म्हणाली, "काहून वं पोरी, डोक्याले लोणी लावून आली का?"

माझी मामेबहीण अमरावतीला बी.फार्म. करते. पोळ्याला ती घरी आली, बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "ताई, हे धुऊन टाकाचं असते वं!" मग तिनं कोरड्या केसांत प्लॅस्टिकचा कंगवा चार वेळा फिरवला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टुणकन कंगव्याला चिकटले. ती म्हणाली, असाच विजेचा खेळ केसांवरही चालतो. शाम्पूनं धुतलेल्या केसावर ऋण भार असतो, आणि झिजलेल्या टोकांकडे तो जास्त. कंडिशनरमधल्या मुख्य द्रव्यावर धन भार असतो, म्हणून ते केसाला चिकटतं आणि पाण्यानं सगळं निघून जात नाही. निघतं ते जास्तीचं. म्हणजे दोन-तीन मिनिटांत कंडिशनरचं बरंचसं काम होऊन जातं. मी जे डोक्यात ठेवत होते ते जास्तीचंच होतं, आणि तेच घामाबरोबर कपाळावर उतरत होतं.

मास्क त्याच घराण्यातला, पण त्यात तेलकट, जड भाग जास्त. तो दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवायचा. तासभर ठेवला म्हणून चौपट फायदा होत नाही. लीव्ह-इन मात्र केसांत राहण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात चिकटणारं द्रव्य बेतानं असतं आणि केसावर पातळ थर धरणारं काहीतरी असतं, बहुतेकदा सिलिकॉन.

हा थर पावसाळ्यात का लागतो तेही तेव्हाच कळलं. केसाच्या वरच्या सालीला कवेलूच्या छपरासारखे खवले असतात. कवेलू उचकटले की पाणी आत झिरपतं, तसंच खवले उचकटलेला केस हवेतली ओल पटकन ओढतो. ओल घेऊन तो फुगतो, पण सगळे केस सारखे फुगत नाहीत. एक इकडे वळतो, एक तिकडे. जाळं होतं ते असं.

ऐकलेलं पटलं, तरी मला स्वतःच्या डोक्यावर पाहायचं होतं. पुरळ बसू दिलं, मग भाद्रपदातल्या एका दमट रविवारी केस धुऊन दोन्ही बाजूंना कंडिशनर लावलं आणि पूर्ण धुतलं. उजव्या बाजूला वरून लीव्ह-इन लावलं, डावीला काहीच नाही. दोन वेण्या घातल्या. संध्याकाळी डाव्या वेणीतून बोटभर लांबीचे केस चहूकडे उभे होते. उजवीतून फक्त कानाजवळचे. पुढच्या रविवारी डावीला कंडिशनरऐवजी मास्क लावला, पंधरा मिनिटं ठेवून धुतला, वर लीव्ह-इन नाही. विंचरताना डावी बाजू उजवीपेक्षा मऊ लागली, गुंता तर नव्हताच. पण दुपारी तीनपर्यंत तीच बाजू पुन्हा फुलली.

तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब बसला. दमट हवेत केस फुलतात त्याला उपाय लीव्ह-इन. केस राठ झाले, गुंता सुटेना, ओले केस हाताला खरखरीत लागू लागले तर मास्क. आणि कंडिशनर दर धुण्याला, त्याला सुट्टी नाही. मास्क लावला त्या दिवशी मात्र वेगळं कंडिशनर लावत नाही.

आता मी असं करते. शाम्पू फक्त टाळूला. केसांतलं पाणी पिळून काढते, कारण निथळत्या केसांवर कंडिशनर पाण्यासोबत वाहून जातं. मग केसांचे चार भाग करून कानाखालून टोकांपर्यंत कंडिशनर लावते आणि मोठ्या दातांच्या कंगव्यानं तिथंच विंचरते. दाट केसांत मधले केस कोरडे राहतात, माझी अर्धी फसगत तिथंच होत होती. केस धुतले की शेवटचे दोन तांबे पिण्याच्या कॅनमधल्या पाण्याचे घेते. बोअरच्या पाण्यातला चुना केसांवर बसून त्यांना राठ करतो, हे बकेट पाहूनच समजतं. मग जुन्या सुती दुपट्ट्यानं केस दाबून टिपते, घासत नाही. ओल असतानाच दर भागाला चण्याएवढं लीव्ह-इन, म्हणजे एकूण चार चणे. आधी टोकांना, मग वर, टाळूला बिलकुल नाही. पूर्ण वाळेपर्यंत हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी केस चिकट किंवा लोंबते वाटले तर समजायचं की जास्त झालं, पुढच्या वेळी तीनच चणे.

मास्कच्या बाबतीत एक चूक मात्र झालीच. दिवाळीआधी मी प्रथिनांचा, केराटिन लिहिलेला मास्क आणला आणि दर आठवड्याला लावला. महिनाभरात केस मऊ होण्याऐवजी वाळल्या गवतासारखे कडक झाले, विंचरताना तुटू लागले. बहीण म्हणाली, रंग किंवा स्ट्रेटनिंग करून खराब झालेल्या केसांना त्याचा उपयोग होतो, तुझ्या केसांना एवढा नको. तो बंद केला. साधा, तेलाचा मास्क पंधरा दिवसांतून एकदा, दोन मोठे चमचे, एवढ्यावर आणला. तीन-चार धुण्यांत कडकपणा गेला.

फाटलेली टोकं या तिन्हींपैकी कशानंच जुळली नाहीत. थोडा वेळ चिकटून राहायची, पुढच्या धुण्याला पुन्हा दुभंगायची. ती संक्रांतीनंतर वहिनीकडून दोन बोटं कापून घेतली. मे महिन्यात हवा कोरडी झाली तेव्हा लीव्ह-इन दोन चण्यांवर आणलं आणि मास्क आठवड्याला केला, कारण तेव्हा केस फुलत नव्हते, कडकड वाजत होते. आता पुन्हा मृग लागलाय, आणि कालच्या धुण्यापासून चार चणे सुरू केलेत.