दाखवताना गप्प राहायचे

मँचेस्टरच्या शाळेत मी शिक्षिकेची मदतनीस आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी श्रवणयंत्र वापरते. तिथल्या बाईंची एक सवय मला थक्क करून गेली: फळ्यावर चित्र लावले की त्या बोलणे पूर्ण थांबवतात, मुले चित्र पाहून होईपर्यंत वाट पाहतात आणि मगच वर्गाकडे तोंड करून बोलू लागतात. कारण उघड आहे. ओठ वाचणाऱ्या मुलीला एकाच वेळी चित्र आणि चेहरा दोन्ही पाहता येत नाहीत. त्यातही ओठांवर सगळेच दिसते असे नाही. ‘पात’, ‘भात’ आणि ‘मात’ म्हणताना ओठ सारखेच हलतात, म्हणून मुख्य शब्द लिहून देणे अपरिहार्य ठरते.

कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वहिनींच्या पाचवीत यंदा असाच एक मुलगा आहे. त्याला डाव्या कानाने बरे ऐकू येते. फोनवर आम्ही दोघींनी संघननाचा, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी कसे होते याचा, पाठ आखला.

त्याला उजवीकडच्या भिंतीलगत, दुसऱ्या बाकावर बसवायचे ठरले. तिथे डावा कान वर्गाकडे राहतो, मान किंचित वळवली की बोलणारा मुलगा दिसतो आणि खिडक्या त्याच बाजूला असल्यामुळे उजेड बाईंच्या तोंडावर पडतो. पहिल्या बाकावर मागचे काहीच दिसत नाही. डोक्यावरचा पंखाही टाळला, कारण श्रवणयंत्र आवाजाबरोबर घरघरही वाढवते.

‘वाफ’, ‘थेंब’, ‘संघनन’ हे शब्द चित्रांसह आदल्या दिवशीच त्याला कागदावर द्यायचे. पाठाच्या दिवशी आधी फळ्यावर प्रश्न लिहायचा: ‘पेल्याबाहेरचे थेंब कुठून आले?’ मग काचेच्या पेल्यात कुंकू कालवलेले पाणी आणि बर्फ घालून वहिनींनी गप्प राहायचे. पेला गळतो असे मुलांना हमखास वाटते. पण आतले पाणी लाल आणि बाहेरचे थेंब स्वच्छ, हे डोळ्यांनीच कळते. त्यानंतर स्पष्टीकरण, आणि दुसऱ्या मुलाने उत्तर दिले तर त्याच्याकडे बोट दाखवून ते पुन्हा सांगायचे. ‘समजले का?’ या प्रश्नावर मूल मान हलवतेच, म्हणून थेंब कुठून आले ते बाणाने काढून दाखवायला सांगायचे. बाण पेल्याच्या आतून निघाला, तर पाठ पोहोचलेला नाही.

इथल्या बाईंच्या गळ्यात माइक असतो आणि त्यांचा आवाज थेट यंत्रात जातो. वहिनींकडे तो नाही. मात्र त्या मुलाचे घर, त्याची भावंडे, तो कशाने बुजतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि इथे ती माहिती बहुधा फाइलमध्येच राहते. तरीही ज्या मुलाजवळ खुणांची किंवा बोलीची कोणतीच भाषा अजून रुजलेली नाही, त्याला एवढी आखणी पुरणार नाही. त्याच्यासाठी विशेष शिक्षकच हवा, हे मी वहिनींना स्पष्ट सांगितले.