एकाच प्रश्नासाठी दुसरा अंक

"ताई, एखादा जातक रोज फोन करून बारीकसारीक गोष्टींसाठीसुद्धा प्रश्न लावायला सांगू लागला, तर तुम्ही काय करता? सरळ तोडता का?"

तोडत नाही, पण प्रश्न लावणे, म्हणजे त्या प्रश्नासाठी कुंडली मांडून उत्तर पाहणे, थांबवते. या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि ते मला एका बाईंमुळे समजले.

त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा घर बदलायचे की नाही, असा खरोखरच मोठा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मी कृष्णमूर्ती पद्धतीने काम करते, म्हणजे पृच्छकाने मनात प्रश्न धरून १ ते २४९ मधला एक अंक सांगायचा आणि त्या अंकावरून लग्न, म्हणजे कुंडलीच्या पहिल्या घराची रास, धरून कुंडली मांडायची. मी दिलेले उत्तर पुढे घडलेल्या गोष्टींशी जुळले आणि त्यांचा विश्वास बसला. वर्षभरात प्रश्न लहान होत गेले: नणंदेला फोन आज करू की उद्या, शेगडी दोन बर्नरची घेऊ की तीन बर्नरची. एका सकाळी पावणेसातला त्यांनी विचारले, "ताई, मुलीला आज परीक्षेला रिक्षाने पाठवू की बसने?" आणि लगेच अंक सांगितला, ८७. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "नाही, थांबा, ११२ धरा."

त्या दुसऱ्या अंकावर मी अडले. ८७ धरला तर सिंह लग्न येते आणि ११२ धरला तर कन्या. लग्न बदलले की बाराही भाव, म्हणजे कुंडलीतली घरे, बदलतात, त्यांचे स्वामी बदलतात, आणि एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे निघू शकतात. अंकाऐवजी वेळेवरून कुंडली मांडली तरी हीच अडचण येते, कारण लग्नाचा उपनक्षत्रस्वामी, म्हणजे नक्षत्राच्या छोट्या भागाचा स्वामी ग्रह, काही वेळा तीन मिनिटांच्या आत बदलतो. म्हणूनच परिस्थिती बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा लावायचा नाही, असा आमच्याकडे जुना दंडक आहे. दुसरा अंक देणाऱ्याला उत्तर नको असते, भीती शमायला हवी असते, आणि त्यासाठी कुंडली मांडणे हा शास्त्राचाही गैरवापर आहे आणि त्या माणसाचाही.

मी माझी जुनी वही काढून त्यांचे प्रश्न तारखांसह एका कागदावर उतरवले. पहिल्या उत्तरानंतर त्या दोन महिने आल्या नव्हत्या. पुढे हे अंतर आठवड्यावर आले, मग दिवसावर, आणि शेवटी उत्तर ऐकल्यावर तासाभरात तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत परत येऊ लागला होता. जातक अवलंबून झाला आहे का, हे ओळखायला मी आता हीच खूण सर्वांत आधी पाहते. प्रश्न किती आले यापेक्षा एका उत्तराने मिळालेला दिलासा किती वेळ टिकला, हे मोजावे. तो वेळ आखडत चालला असेल, तर आपले प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाची गरज वाढवत असते.

त्या कागदावर माझीही चूक दिसत होती. मी प्रत्येक प्रश्नाची वेगळी दक्षिणा घेत होते आणि उत्तर व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत देत होते. म्हणजे त्यांच्या भीतीचा माझ्या उत्पन्नाशी थेट संबंध जुळला होता. फोनवरचे प्रश्न मी त्या दिवसापासून बंद केले, फक्त त्यांच्यापुरते नव्हे, सगळ्यांसाठी. आता बैठक समोरासमोर, तासाभराची, आणि दक्षिणा बैठकीची.

त्यांना बोलावून मी जन्मकुंडली पुढे ठेवली. शनीची महादशा चालू होती, एकोणीस वर्षांची, आणि तिच्यात बुधाची अंतर्दशा, दोन वर्षे आठ महिने नऊ दिवसांची. मी त्यांना दाखवले की आमची दशा वर्षांच्या आणि महिन्यांच्या मापाने बोलते; नोकरी, घर, नातेसंबंध यांचा कल तिच्यावरून पाहायचा असतो, रिक्षा की बस हे त्या मापात मावतच नाही. हे त्यांना पटले, कारण मी शास्त्र बाजूला ठेवून बोलत नव्हते, शास्त्राचीच मर्यादा सांगत होते. "तुमचा विश्वास चुकीचा आहे" असे म्हटले असते, तर त्या उठून दुसऱ्या ज्योतिषाकडे गेल्या असत्या.

मग आम्ही एक रीत ठरवली. जो निर्णय उद्या बदलता येतो, त्याला प्रश्न नाही. शेगडी परत करता येते, फोन उद्या करता येतो, बस चुकली तर रिक्षा मिळते. असा प्रश्न मनात आला की शंभर पानी वहीत तारीख, वाटलेली भीती आणि स्वतः घेतलेला निर्णय लिहायचा, आणि काय घडले ते तीन दिवसांनी त्याच ओळीत लिहायचे. सगळे एकदम बंद केले नाही. पहिल्या आठवड्यात मला दोनदा फोन करायची मुभा ठेवली, पण फोनवर कुंडली नाही, वहीतली ओळ फक्त वाचून दाखवायची. "बरोबर केलंत" असे मी म्हणायचे नाही, हे मला सर्वांत जड गेले, कारण ते दोन शब्दही त्यांच्यासाठी एक उत्तरच झाले असते.

तिसऱ्या आठवड्यातली एक ओळ मला आठवते: "दोन बर्नरची घेतली. भीती – चूक होईल. झाले – पोळी आणि भाजी एकदम होते, चहा थांबतो."

वही सगळ्यांना पुरत नाही. त्याच सुमारास बोलता बोलता त्यांनी सांगितले की रात्री गॅसचे बटण आणि दाराची कडी त्या आठ-दहा वेळा उठून पाहतात आणि झोप तीन-चार तासच लागते. हे ऐकल्यावर मी कुंडलीत कारण शोधत बसले नाही. त्यांच्या परवानगीने यजमानांना बोलावले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितले. तोवर कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेही लिहून दिले. डॉक्टरांनी घरच्यांनाही हेच बजावले की "कडी लावलीय ना?" या प्रश्नाला पुन्हापुन्हा "हो" म्हणत राहू नका, कारण त्या "हो"नेच पुन्हा विचारावेसे वाटते. ग्रहशांती किंवा एखादे रत्न सुचवणे मला सोपे होते आणि त्यांनी ते आनंदाने केलेही असते, पण मग बटण पाहण्यात अंगठी पाहण्याची भर पडली असती.

आता त्या वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात येतात. मध्ये घसरणही होते. या वैशाखात यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आणि सकाळी सहालाच फोन आला. त्यांच्या आवाजात जुना कंप होता: "ताई, तारीख बदलून घेऊ का? फक्त एक अंक सांगते." तारीख डॉक्टरांनी दिलेली होती आणि ती पुढे ढकलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मग विचारले की आदल्या रात्री कितीपासून उपाशी राहायला सांगितले आहे. त्या कागद शोधायला उठल्या, दोन मिनिटांनी परत आल्या आणि वेळ वाचून दाखवली. अंक त्यांनी सांगितला नाही.