डॉमिनोचं वर्तुळ: 28 सोंगट्या जुळल्या, 21 अडल्या

ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. त्याची प्रत्येक कड नेमकी एकदा चालून निघाल्या जागी परत येता येईल का, हे या वेळी डॉमिनोवर तपासलं. 0 ते 6 हे आकडे म्हणजे बिंदू आणि प्रत्येक सोंगटी म्हणजे कड. सगळ्या सोंगट्या आकड्याला आकडा लावून वर्तुळात बसल्या, की तोच आपला बंद फेरा.

मांडण्याआधी डिग्री मोजल्या, म्हणजे प्रत्येक आकड्याला सोंगट्यांची किती टोकं येतात ते. 3 हा आकडा घ्या. बाकीच्या सहा आकड्यांशी त्याची एकेक सोंगटी, म्हणजे सहा टोकं. शिवाय 3-3 ही डबल, तिची दोन्ही टोकं 3 मध्येच, म्हणून तिचे दोन. एकूण 8. प्रत्येक आकड्याचं हेच गणित, म्हणजे सगळे सम. प्रोग्रॅममध्ये नुसते शेजारी मोजले तर डबल एकदाच धरली जाते, डिग्री 7 येते आणि उत्तर चक्क उलटं मिळतं. मोजायची ती टोकं.

मग 0 पासून हाताला येईल ती सोंगटी लावत गेलो. सम डिग्रीची खरी गंमत इथे दिसते: साखळी दुसऱ्या कुठल्याही आकड्यावर अडत नाही. त्या आकड्यात शिरताना एक टोक खर्ची पडतं, आणि सम संख्येतून विषम टोकं गेली की बाहेर पडायला एक तरी उरतंच. अडली तर 0 वरच, आणि तेव्हा वर्तुळ पूर्ण झालेलं असतं. मी 0 वर परत येताच थांबलो, म्हणून माझं पहिलं वर्तुळ 0-1, 1-2, 2-0 एवढंच होतं. मग वर्तुळातल्या 2 पाशी फट केली, उरलेल्या सोंगट्यांतून 2-3, 3-4, 4-2 असा फेरा काढून तिथे घुसवला. असंच करत 28 च्या 28 बसल्या. विषम डिग्री असेल तर फेरा होत नाही, हे ऑयलरने 1736 च्या लेखात मांडलं. सम असतील तर होतोच, याची पूर्ण सिद्धता हियरहोल्झरची, 1873 ची.

पण फट करायला सामाईक आकडा हवा. फक्त 0-1, 1-2, 2-0 आणि 3-4, 4-5, 5-3 एवढ्याच सोंगट्या ठेवल्या तर सगळ्या डिग्री 2, तरी वर्तुळं दोन आणि ती कधीच जुळत नाहीत. म्हणून डिग्रीबरोबर सलगताही तपासावी लागते. ज्या आकड्याची एकही सोंगटी नाही, तो मात्र खुशाल सोडून द्यावा.

नंतर 6 असलेल्या सगळ्या सोंगट्या बाजूला काढल्या. उरल्या 21, आणि सहाही आकड्यांची डिग्री 7. वर्तुळ अशक्य. एक सोंगटी काढली की फार तर दोन आकडे सम होतात, म्हणून निदान तीन काढायला हव्यात. 0-1, 2-3, 4-5 काढल्या आणि उरलेल्या 18 चं वर्तुळ झालं. 4-5 परत घेतली, तर 19 ची साखळी 4 पासून सुरू होऊन 5 वर संपते.