कोणता रुपया?

कुणी पकडलेल्या माशाचा फोटो दाखवला आणि त्याच्या शेजारी नाणं ठेवलेलं असलं, की माझी नजर आधी नाण्यावर जाते. मासा मागाहून. लोकांना हे आवडत नाही. "केवढा आहे बघ तरी!" असं म्हणत ते फोन पुढे करतात आणि मी विचारते, नाणं जमिनीवर ठेवलं होतंस की माशावर?

भाचा वसईच्या खाडीवर गळ टाकायला जातो. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात त्याचा फोटो आला. वर्तमानपत्रावर पसरलेला जिताडा, बाजूला दहाचं नाणं, खाली "पासष्ट सेंटिमीटर!!". नाण्यावरून हिशेब केला तर पासष्टच येत होते. पण जिताडा काही कागद नव्हे, चांगला जाडजूड मासा. नाणं जमिनीवर होतं आणि माशाच्या अंगाची जी कड फोटोत दिसते ती जमिनीपासून चारेक सेंटिमीटर वर. फोन जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर धरला असेल, तर मासा नाण्यापेक्षा कॅमेऱ्याला जवळ आला, ५० ऐवजी ४६ सेंटिमीटरवर. जवळचं मोठं दिसतं. म्हणजे पासष्टचे खरे साठ. हात लांब करून मासा कॅमेऱ्यात खुपसणाऱ्यांचा हिशेब तर मी करतच नाही. भाच्याला "मस्त आहे" एवढंच कळवलं. आत्यापण सांभाळावं लागतं.

हे लांबी मोजण्याचं खूळ आजीकडून आलं असावं. गिरगावात आमच्या चाळीत पावसाळ्यात एकदा नळाच्या मोरीपाशी साप निघाला. कुणीतरी काठीने मारलाही, तेव्हा तसंच होतं. तळमजल्यावर तो दोन हात होता. जिना चढून बातमी आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत पुरुषभर झाला, आणि वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तर त्याला फणाही काढायला लावला. आजी शिवणाचा टेप गळ्यात घालून खाली गेली. साप सरळ पसरायला लावला, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सव्वीस इंच. दिवड आहे. बिनविषारी." चाळीने तिला बरेच दिवस माफ केलं नाही. काकू पुढेही तो साप पुरुषभरच सांगत राहिल्या.

आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असे प्रसंग येतात. मागची भिंत संपली की झाडी सुरू होते, तेव्हा अधूनमधून काहीतरी निघणारच. या वेळी मीटर रूममध्ये कात सापडली. वॉचमनने फोटो काढला आणि शहाणपणा करून शेजारी एक रुपया ठेवला. ग्रुपवर लगेच अंदाज सुरू झाले, तीन फूट, पाच फूट, "माझ्या मते अजगर".

मी फोटो लॅपटॉपवर मोठा केला. फोनवर बोटाने फोटो सरकतो, तिथे मोजणं व्यर्थ. शिवणाचा दोरा घेतला, कातीच्या मध्यरेषेवरून प्रत्येक वळणासकट फिरवला आणि पट्टीवर धरला: ३४२ मिलिमीटर. पडद्यावरचं नाणं ९ मिलिमीटर. म्हणजे कात अडतीस नाणी लांब. आता एक रुपया म्हणजे किती मिलिमीटर, हे कळलं की झालं.

इथेच घोडं पेंड खातं. २०११ च्या आधीचा, हाताचा अंगठा असलेला रुपया २५ मिलिमीटरचा. २०११ पासूनचा, ₹ चिन्हाचा, जवळजवळ २२ चा. आणि २०१९ नंतरच्या मालिकेतला २० चा. तिन्ही अजून गल्ल्यात एकमेकांत मिसळलेले. अडतीस नाण्यांची लांबी त्यामुळे ९५ सेंटिमीटर होऊ शकते, ८४ होऊ शकते, ७६ ही होऊ शकते. वॉचमनने नाणं सिंह वर करून ठेवलेलं. त्याला खाली फोन केला. "मॅडम, वो अंगूठेवाला था," तो म्हणाला. म्हणजे ९५. दहाचं नाणं असतं तर हा प्रश्नच आला नसता, जुनं असो की नवं, ते २७ चंच आहे.

पण ९५ वरही मी हात ठेवणार नाही. नाण्याची कड धूसर होती. पडद्यावर ते साडेआठ धरलं तर कात मीटरभर होते, साडेनऊ धरलं तर नव्वद. मोजपट्टी एवढीशी आणि मोजायची वस्तू तिच्या अडतीसपट, म्हणजे नाण्यावरची केसाएवढी चूक अडतीसदा मोजली जाते. शिवाय नाणं गोल नव्हतं, किंचित लांबट दिसत होतं. याचा अर्थ फोन तिरका धरलेला. कातीचं पलीकडचं टोक लांब गेलेलं, म्हणून ते जेवढं आहे त्याहून आखूड दिसणार. दोन्ही टोकांना एकेक सारखंच नाणं ठेवलं असतं, तर दोघांच्या आकारातल्या फरकावरून हे तरी पकडता आलं असतं. जमिनीवर पसरलेली कात चपटी असते एवढीच सोय, जिताड्याचा घोळ तिथे नाही.

आणि कात म्हणजे साप नव्हे. खवल्यांच्या मधली दुमडलेली कातडीही तिच्यात उलगडून येते, म्हणून ती सापापेक्षा लांबच भरते, ओढली गेली तर आणखी. मी ग्रुपवर लिहिलं: कात साधारण मीटरभर, साप त्याहून कमी. पाचफुटीवाले नाराज झाले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण विषारी का बिनविषारी?"

लांबीवरून ते सांगता येत नाही. फुरसं जेमतेम दोन फुटांचं, धामण सहा फुटांच्याही वर जाते, आणि घाबरायचं ते फुरशाला. मण्यार मात्र कातीवरूनही ओळखता येते: पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक रांग असते, बाजूच्या खवल्यांपेक्षा ठसठशीत मोठी. मी फोटो पुन्हा मोठा केला. आडवे, रुंद पट्टे, एकाखाली एक. ती पोटाची बाजू होती. कात पालथी घालून कुणी दुसरा फोटो काढला नव्हता, आणि सकाळीच झाडूवाल्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.

मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश बऱ्याचदा झोपेत होतो, दुखतही नाही. म्हणून ग्रुपवर शेवटी एवढंच टाकलं: सर्पमित्राला बोलावून मीटर रूम तपासून घ्यावी, तोवर रात्री तिथे टॉर्च आणि बुटांशिवाय कुणी जाऊ नये, तळमजल्यावरच्यांनी जमिनीवर झोपू नये, आणि खरा साप दिसलाच तर त्याच्याशेजारी नाणं ठेवायला कृपया कुणी जाऊ नये. याला दोन अंगठे आले. त्यातला एक वॉचमनचा.