पाऊण वाजताची रामनवमी

या वर्षी २६ मार्चला, रामनवमीच्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास माझी नऊ वर्षांची नात स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर स्टुलावर उभी होती. तिथूनच तिने मला खोटे ठरवले. "आबा, इथे आठ लिहिलंय. नऊ उद्या आहे. मग रामनवमी आज कशी?" चौकटीत खरोखरच श्रीरामनवमी आणि चैत्र शुद्ध अष्टमी शेजारी शेजारी छापलेली होती आणि दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत नवमी एकटीच बसलेली होती. शाळेला सुट्टी देणाऱ्यांनी चूक केली असून आपल्याला उद्याही सुट्टी मिळायला हवी, असा तिच्या मुद्द्याचा रोख होता.

दिनदर्शिकेच्या चौकटीत सूर्योदयाला जी तिथी असते ती छापतात, आणि त्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा अष्टमीच होती. ती पावणेबाराच्या जरा पुढे संपली आणि नवमी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती संपूनही गेली. म्हणजे २७ तारखेला नवमीने सूर्योदय पाहिला खरा, पण त्या दिवसाचा मध्यान्ह तिला लाभला नाही. रामाचा जन्म मध्यान्हीचा, म्हणून ज्या दिवशी मध्यान्हकाळी नवमी असेल तोच दिवस धरायचा, असा शास्त्रकारांचा दंडक आहे. त्यांचा मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच समान भाग करायचे. त्यांतला तिसरा भाग तो मध्यान्ह. त्या दिवशी मुंबईत सूर्य उगवला ६ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास आणि मावळायचा होता ६ वाजून ५० मिनिटांना. दिवस सव्वाबारा तासांचा, एक भाग जवळजवळ अडीच तासांचा. म्हणून मध्यान्ह साडेअकराला सुरू होऊन दोनच्या आत संपणार आणि त्याचा नेमका मध्य पाऊण वाजता येणार. हे सगळे मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीने तिला मांडून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बारा वाजता का करतात?"

हा प्रश्न मला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर भेटलेला होता.

माझे आजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. हिंदुस्थानात प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबई शहराने ती मनापासून स्वीकारली नाही. शहराची स्वतःची वेळ, जिला लोक 'मुंबई टाइम' म्हणत, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती आणि ती १९५५ पर्यंत टिकली. रेल्वे मात्र पहिल्यापासून प्रमाणवेळेने धावत होती. त्यामुळे आजोबांची सगळी नोकरी दोन घड्याळांमध्ये गेली: कचेरीत एक वेळ, चाळीत दुसरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिंतीवरचे घड्याळ कायमचे मुंबई टाइमवर ठेवले आणि पुढे शहरानेच ती वेळ सोडून दिली तरी त्यांनी काटे हलवले नाहीत. आम्हा मुलांना ३९ मिळवायची इतकी सवय झाली होती की शाळेतल्या बेरजांमध्येही हातचा म्हणून तो आकडा यायचा.

या ३९ मिनिटांत गूढ काही नाही. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि मुंबई त्र्याहत्तरच्या जरा अलीकडे. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. तिकडे सूर्य माथ्यावर आला की घड्याळे बारा वाजवतात आणि आमच्याकडे तो पोहोचायला अजून ३९ मिनिटे असतात. तेव्हा रामनवमीला राममंदिरात घड्याळाचे बारा वाजले, गुलाल उधळला गेला आणि घंटा वाजू लागली, की आजोबा मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसून राहायचे. आजूबाजूचे नमस्कार करत असताना ते आईला हळूच म्हणायचे, "अजून दिवस भरलेले नाहीत."

ते वाद घालत नसत. आम्हाला घेऊन ते घरी परतायचे आणि गच्चीवर जायचे. तिथे त्यांनी एका पाटावर हातभर लांबीची लोखंडी सळई ओळंब्याने सरळ करून उभी केलेली असायची. मला वाटायचे की सर्वांत आखूड सावली झाली की मध्यान्ह, आणि फूटपट्टी घेऊन मी तिच्यावर डोळा ठेवून बसायचो. पण सूर्य माथ्याजवळ आला की सावली कितीतरी मिनिटे जवळजवळ तेवढीच राहते आणि आत्ता आखूड की मघाशी आखूड होती ते कळत नाही. शिवाय मुंबईत चैत्रात ती पूर्ण नाहीशी होत नाही. सूर्य आपल्या दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे वीतभरही नसलेली एक सावली उत्तरेकडे पडून राहते. ती पायाशी विरते ते मेच्या मध्यावर.

त्यावर आजोबांची युक्ती जुनीच होती. सळईच्या मुळाशी सुतळी धरून ते पाटाभोवती खडूने एक वर्तुळ काढायचे. सकाळी लांब असलेली सावली आखडत आखडत जिथे वर्तुळाला टेकते तिथे एक खूण करायची आणि दुपारी ती पुन्हा वाढत वर्तुळाबाहेर पडते तिथे दुसरी. दोन्ही खुणांच्या बरोबर मधून सळईपर्यंत रेघ ओढली की ती उत्तर-दक्षिण रेघ. तिच्यावर सावली येईल तो खरा मध्यान्ह. यातली अडचण माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षे लागली. दुसरी खूण मध्यान्ह टळून गेल्यावरच करता येते. म्हणजे या पद्धतीने मध्यान्ह कळतो तेव्हा तो होऊन गेलेला असतो. म्हणून आजोबा रेघ अष्टमीलाच आखून ठेवायचे आणि नवमीला फक्त वाट पाहायचे. सावली रेघेवर आली की ते डोक्यावरची टोपी नीट करून हात जोडायचे. त्यांच्या लाडक्या घड्याळात तेव्हा बरोबर बारा वाजलेले नसायचे, याचे त्यांना वैषम्य नव्हते. मार्चअखेरीस सूर्य सरासरी वेळेच्या पाच-सहा मिनिटे मागे असतो आणि एप्रिलच्या मध्यावर घड्याळाशी जुळतो, हे त्यांना ठाऊक होते. रामनवमी जितकी उशिरा येईल तितके ते खूश असायचे.

खाली मंदिरात मात्र त्या पाऊण तासात सगळे उरकलेले असायचे, आणि खरे सांगायचे तर माझा जीव तिकडेच अडकलेला असायचा. कीर्तनकारबुवा सकाळी दहाला उभे राहत. पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, की उत्तररंगात दशरथाचा यज्ञ आणि पायसाची वाटणी येई. बुवांची एक नजर घड्याळाकडे असे. साडेअकरालाच कौसल्येला कळा सुरू झाल्या तर मधे एखादी आर्या, एखादे भजन घालून ते प्रसूती लांबवत; उशीर झाला असेल तर यज्ञातले दोन ऋषी गाळत. फुलांनी मढवलेल्या पाळण्यात कुंचीत गुंडाळलेला नारळ असायचा. बारा वाजले की तोपर्यंत "झाला", "केला", "म्हणाला" अशा भूतकाळात चाललेली कथा एकदम थांबायची आणि बायका उठून पाळण्याची दोरी हातात घ्यायच्या. मग प्रसाद म्हणून सुंठवडा. सुंठ, सुके खोबरे, खसखस, साखर: हा बाळंतिणीचा खाऊ आहे. कुणाच्या तरी घरी बाळ झाल्यासारखा तो तिनशे माणसांच्या तळहातावर पडायचा आणि आम्ही पोरे सुंठीने ठसकत दुसऱ्यांदा रांगेत उभे राहायचो.

नातीने मधेच विचारले, "राम किती वर्षांचा झाला?" वाल्मीकि रामायणाच्या प्रचलित पाठात जन्माचे तपशील भरपूर आहेत: चैत्र, नवमी, पुनर्वसू नक्षत्र, पाच ग्रह उच्चीचे, कर्क लग्न. सूर्य उच्चीचा म्हणजे मेषेत, आणि पूर्वेला कर्क उगवत असताना मेष माथ्याजवळ असते. मध्यान्ह निघतो तो यातून. वर्ष मात्र कुठेही सांगितलेले नाही. "म्हणजे केकवर मेणबत्त्या लावता येणार नाहीत," असा निष्कर्ष काढून तिने तो विषय मिटवला.

जिथे वर्ष पक्के ठाऊक आहे तिथे तरी आपण सुखी आहोत असे नाही. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. तिथीवाले आणि तारीखवाले आमच्याच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या दिवशी मिरवणूक काढतात आणि तारीखवाल्यांना आपली बाजू अधिक काटेकोर वाटते. पण ती १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन पंचांगातली आहे. आज आपण वापरतो त्या पंचांगाने तो दिवस १ मार्च येतो. हे मी एकदा गल्लीत बोललो होतो. पुन्हा बोलणार नाही.

आजोबा गेले ते १९७५ साली. दाखल्यावर तारीख आहे आणि वडील हयात असेपर्यंत घरात तिथी पाळली जायची. श्राद्धाला अपराह्णातली तिथी लागते, म्हणजे दिवसाच्या पाच भागांतला चौथा भाग, आणि वडील दरवर्षी पंचांगात बोट ठेवून ती पाहायचे. मी आता तारखेला आजोबांच्या तसबिरीला हार घालतो, कारण तारीख फोन आठवण करून देतो.

बारा वाजले तेव्हा बोरिवलीतल्या आमच्या इमारतीमागच्या मंदिरातून कर्ण्यावर जन्माचा गजर ऐकू आला. बायकोने देवापुढे सुंठवडा ठेवला. नातीने मात्र तो खायचे नाकारले. तिला पाऊण वाजण्याची वाट पाहायची होती. मातीच्या गोळ्यात पेन्सिल खोचून ती माझ्याबरोबर गच्चीवर आली. साडेबारा झाले, मग बारा चाळीस. पेन्सिलीची सावली पाण्याच्या टाकीच्या दिशेने निमूट पडलेली होती आणि ती आखडते आहे की वाढते आहे ते दोघांनाही सांगता येईना.

"आता झाला का?" तिने विचारले.

काल रेघ आखून ठेवायला हवी होती, एवढे मी तिला सांगितले. मग उन्हाचे चटके बसू लागले म्हणून आम्ही खाली आलो.