तुम्ही विचारलंत म्हणून : स्मृती व्याख्यानातला परिचय

«आमच्या सरांच्या नावानं इंदूरला स्मृती व्याख्यान आहे आणि वक्त्यांचा परिचय माझ्याकडे आलाय. सरांबद्दल किती बोलायचं, पाहुण्यांबद्दल किती, आणि सुरुवात कशी करायची?»

एकूण पाच मिनिटं धरा. त्यातली तीन सरांची, अर्धं व्याख्यानाच्या विषयाचं आणि दीड पाहुण्यांचं. सभेत सावकाश बोललं की मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे मजकूर पाचशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. लिहून झाल्यावर घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनात वाचताना तो नेहमी लहान वाटतो.

सरांना इतका वेळ का, ते सांगतो. एरवी परिचय म्हणजे पाहुण्यांचा. इथे मात्र हार घातलेल्या तसबिरीतल्या माणसाचाही परिचय करून द्यायचा असतो. पहिली एक-दोन वर्षं सभागृहात बहुतेक सगळे सरांचे विद्यार्थी असतात. पुढे मागच्या रांगांत सरांना कधीच न पाहिलेली मुलं बसू लागतात आणि त्यांच्यासाठी सर म्हणजे पत्रिकेवरचं एक नाव असतं. त्या मुलांना घरी जाताना सर कसे शिकवत हे कळलेलं असावं, एवढ्यासाठी ती तीन मिनिटं.

आधी हे पक्कं करून घ्या की ही शोकसभा नाही. «सर आज आपल्यात नाहीत», «न भरून येणारी पोकळी», «क्रूर काळानं ओढून नेलं» ही वाक्यं तेराव्याच्या आधी झालेल्या सभेची. स्मृती व्याख्यान सरांच्या कामासाठी भरतं, म्हणून आजारपण, शेवटचे दिवस, दवाखाना यातलं काहीही परिचयात येऊ देऊ नका. घरची माणसं पहिल्या रांगेत असतात आणि त्यांना ते पुन्हा ऐकवण्याचा आपल्याला अधिकार नाही. «असे शिक्षक आता राहिले नाहीत» हेही टाळा. समोर आज शाळेत शिकवणारे शिक्षक बसलेले असतात. सरांचा मोठेपणा सांगायला त्यांना खाली बसवायची गरज नसते.

मग सरांबद्दल सांगायचं काय? विशेषणं नकोत. कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय हे शब्द कुठल्याही शिक्षकाला लागू पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वर्गातली एकच कृती शोधा, जी सर वारंवार करत आणि जी डोळ्यांसमोर उभी राहते. ती मिळवायला सरांच्या तीन-चार विद्यार्थ्यांना फोन करा. वेगवेगळ्या बॅचचे असले तर उत्तम. «सर कसे होते?» असं विचारलंत तर विशेषणंच मिळतील. «सर वर्गात आल्यावर आधी काय करायचे?» असं विचारा. दोघांनी न ठरवता एकच गोष्ट सांगितली की ती घ्या.

एक उदाहरण करून बघू. समजा, सर इतिहास शिकवायचे आणि रविवारी मोडीचा वर्ग घ्यायचे. व्याख्यानाचा विषय अहिल्याबाईंच्या काळातला पत्रव्यवहार, आणि वक्त्या मोडी कागदपत्रांच्या अभ्यासक आहेत. सरांचा भाग साधारण असा उभा राहील :

«सर वर्गात आले की आधी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढत. ती पुरी झाल्याशिवाय पहिलं अक्षर लिहीत नसत. मोडी अशीच लिहायची असते, आधी रेघ आणि मग तिच्याखाली अक्षरं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे वाचणाऱ्यानं शब्द कुठे तोडायचा हे अर्थावरून ठरवायचं. सर म्हणत नसत की हे अवघड आहे. ते तीच ओळ तीन जणांकडून वाचून घेत आणि तिघांचं वेगळं आलं की तिन्ही फळ्यावर लिहून ठेवत.»

यात एकही विशेषण नाही, तरी सरांचा स्वभाव दिसतो. मोडी माहीत नसलेल्या मुलालाही कळतं की काय चाललं होतं. या तुकड्यानंतर लगेच सरळ माहिती द्या : पूर्ण नाव, कुठली शाळा, किती वर्षं, कुठला विषय. दोन वाक्यं पुरेत.

हा क्रम मुद्दाम असा ठेवायचा. बोलणारा सरांचाच विद्यार्थी असेल तर फळ्याच्या रेघेपाशी आवाज भरून येतो. त्यानंतर साल आणि शाळेचं नाव असलेलं कोरडं वाक्य आलं की श्वास जागेवर येतो. हळवा भाग शेवटी ठेवलात तर घसा दाटलेला असतानाच पाहुण्यांचं नाव घ्यावं लागेल, आणि नेमकं तेच नीट ऐकू येणार नाही.

आता तारखा. गडबड सगळ्यात जास्त इथे होते, कारण व्याख्यान कितवं आणि स्मृतिदिन कितवा हे दोन आकडे वेगळे असतात. सर 2019 मध्ये गेले आणि पहिलं व्याख्यान 2022 मध्ये झालं असं धरा. मग 2025 मध्ये स्मृतिदिन सहावा आणि पुष्प चौथं. पत्रिकेवर एक, फलकावर दुसरं आणि तुमच्या तोंडी तिसरं असं झालं की पहिल्या रांगेत कुजबुज सुरू होते. दोन्ही आकडे कागदावर मांडून मोजा. घरी श्राद्ध तिथीनं आणि व्याख्यान तारखेनं होत असेल, तर भाषणात «पुण्यतिथी»ऐवजी «स्मृतिदिन» म्हणा. नोकरीची वर्षं शाळेतून किंवा घरच्या कागदांवरून घ्या, आठवणीवरून घेऊ नका. सरांचे जुने सहकारी सभागृहात असतातच, आणि एक साल चुकलं की त्यांचं पुढचं लक्ष उडतं.

संबोधनांचा प्रश्न इंदूरला जरा जास्त येतो, कारण पत्रिका बरेचदा हिंदीच्या वळणानं छापली जाते. हिंदीत कुठलीही विवाहित स्त्री «श्रीमती» असते. मराठी घरांत अजूनही «सौ.» आणि «श्रीमती» यांतला फरक ऐकू येतो, आणि पती हयात असलेल्या बाईंना «श्रीमती» म्हटलं तर ते खटकतं. सरांच्या पत्नी हजर असतील तर याच्या उलट चूक होते : जुन्या पत्रिकेवरून उचललेलं «सौ.» तसंच वाचलं जातं. त्या क्षणी सभागृहात जे होतं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. सरळ वाट म्हणजे दोन्ही टाळून नाव आणि पुढे «ताई» किंवा «काकू», त्यांना सगळे जे म्हणत असतील ते. तेही आधी घरी विचारून.

सरांच्या नावाआधी «कै.» छापलेलं असेल तर बोलताना «कैलासवासी» असा पूर्ण उच्चार करा, किंवा «दिवंगत» म्हणा. हा शब्द कुठल्याही धर्माच्या शिक्षकाला चालतो. तो एकदाच यावा, पहिल्या पूर्ण नावाबरोबर. पुढे विद्यार्थी जे म्हणत तेच : सर, गुरुजी, बाई. ज्यांना आयुष्यभर «बाई» म्हटलं त्यांना व्यासपीठावर «मॅडम» म्हणू नका, त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या ओळखूच येणार नाहीत.

आता पाहुणे. त्यांच्याकडून दोन पानांचा बायोडाटा येतो. तो वाचून दाखवणं ही या प्रसंगातली सगळ्यात मोठी चूक, कारण सरांच्या तसबिरीसमोर पुरस्कारांची यादी चालू राहते आणि संध्याकाळ पाहुण्यांच्या सत्काराची होऊन जाते. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : आज या विषयावर यांनीच का बोलावं, याचं उत्तर या ओळीत आहे का? आपल्या उदाहरणात समित्यांची सदस्यत्वं गेली, परदेश दौरे गेले, जन्मगाव गेलं. राहिलं ते एवढं : त्या किती वर्षं कागदपत्रांची सूची करताहेत, त्यांनी कुठला दप्तरसंग्रह वाचला, आणि त्यांचं एखादं मुख्य पुस्तक. पुस्तकाचं नाव जसं छापलंय तसंच घ्या. बाकीचा बायोडाटा छापून दाराशी ठेवता येतो.

सर आणि पाहुणे यांची ओळख नसेल तर ती तयार करू नका. «सरांचे त्यांच्यावर फार प्रेम होते» असं ठोकून दिलं की पाहुण्यांना भाषणाच्या सुरुवातीलाच ते दुरुस्त करावं लागतं. खरं ते सांगा, ते पुरतं : «सरांची आणि त्यांची भेट झाली नव्हती. पण सर रविवारी ज्या लिपीशी आमची गाठ घालून देत होते, त्या लिपीतले कागद त्या रोज वाचतात.» हाच दोन्ही भागांमधला सांधा. तो सापडला की परिचय आपोआप एका धाग्यात येतो. सापडत नसेल तर विषयाची निवड कुणी आणि का केली हे संयोजकांना विचारा, उत्तर तिथे असतं.

विषयाच्या अर्ध्या मिनिटात फक्त दार उघडायचं. अहिल्याबाईंचा कारभार 1767 ते 1795, राजधानी महेश्वर, इतकं म्हटलं की पुरे. त्याच्या पुढची माहिती तुम्ही आवडीनं वाचलेली असते आणि ती सांगायचा मोह होतो, पण वक्त्यांनी सुरुवातीला नेमकी तीच ठेवलेली असण्याची शक्यता फार. आदल्या दिवशी फोन करून त्यांची सुरुवात विचारून घ्या. त्याच फोनवर नाव आणि आडनाव त्यांच्याच तोंडून ऐका आणि जसं ऐकलंत तसं देवनागरीत लिहून ठेवा. पाहुणे हिंदीभाषक असतील तर परिचय मराठीत आणि शेवटची विनंती हिंदीत, असं करायला हरकत नाही. वाक्यावाक्याला भाषा बदलू नका.

टाळ्यांचं काय, हे बरेच जण विचारतात. गंभीर प्रसंगी वाजवाव्यात की नाही हे श्रोत्यांना समजत नाही, आणि ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरवतात. सरांचा भाग संपताना वाक्य खाली उतरवा आणि मनात तीन मोजेपर्यंत थांबा. तिथे शांतताच राहते आणि ती राहू द्यावी. पाहुण्यांच्या भागात वाक्याची रचना अशी करा की नाव अगदी शेवटी येईल : «मी विनंती करते, आजच्या वक्त्या...» आणि मग पूर्ण नाव, स्पष्ट, थोडं चढ्या आवाजात. नावानंतर एकही शब्द नको. «यांनी आपले विचार मांडावेत» ही शेपटी लावलीत की टाळ्या अर्ध्यावर अडकतात.

कागद एकच आणि एका बाजूनं लिहिलेला असावा, अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं. पहिलं वाक्य आणि शेवटचं नाव पाठ हवं, मधलं वाचलं तरी चालतं. नाव घेतल्यावर लगेच खाली उतरू नका. वक्त्या माइकपाशी येईपर्यंत तिथेच उभ्या राहा, माइक त्यांच्या उंचीला लावून द्या, आणि तसबीर झाकली जाणार नाही अशा बाजूनं खाली या.