टक्क्यांकडून ग्रेड पॉइंटकडे : आमच्या कॉलेजची नोटीस लिहिताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, तेव्हा गुणपत्रिकेवर टक्केवारी नव्हतीच. खाली नुसतं ‘एसजीपीए ७.३०’ छापलेलं, म्हणजे त्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची दहापैकी सरासरी. एक वडील कापसाची गाडी जिनिंगवर लावून थेट ऑफिसात आले आणि मला विचारू लागले, “मॅडम, माह्या पोरीले शंभरातून सातच भेटले का?” प्राचार्यांनी त्याच दिवशी मराठीत नोटीस काढायचं ठरवलं आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं.

विद्यापीठाच्या परिपत्रकात सूत्र होतं, उदाहरण नव्हतं. मी आधी मुलांना वर्गात विचारून पाहिलं की हे ७.३० कसे आले असतील. बहुतेकांनी सगळ्या विषयांचे ग्रेड पॉइंट जोडले आणि विषयांच्या संख्येने भागले. उत्तर ७.५० आलं, गुणपत्रिकेशी जुळेना. मुलं म्हणाली, विद्यापीठानं चूक केली. नोटीस कुठून सुरू करायची ते तिथेच कळलं: क्रेडिटपासून.

क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. आठवड्याला एक तास तासिका, असं सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्यासाठी दोन तास लागतात. म्हणून मुख्य विषय चार क्रेडिटचा, शंभर गुणांचा. पर्यावरण दोन क्रेडिटचं, पन्नास गुणांचं. मिळालेल्या गुणांची आधी श्रेणी ठरते, श्रेणीवरून दहापैकी पॉइंट ठरतात. आमच्याकडे ५० ते ५४ टक्क्यांना ५ पॉइंट, ५५ ते ५९ ला ६, साठीच्या घरात ७, सत्तरीच्या घरात ८, ऐंशीच्या घरात ९. हे टप्पे विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजच्या मित्राचा तक्ता वापरू नये, हे मी नोटिशीत ठळक अक्षरात टाकलं.

मग नाव न घालता त्याच मुलीचा निकाल उदाहरण म्हणून घेतला. अर्थशास्त्र ६२ गुण, म्हणून ७ पॉइंट. चार क्रेडिटने गुणले की २८. इतिहास ५५, पॉइंट ६, गुणाकार २४. राज्यशास्त्र ७१, पॉइंट ८, गुणाकार ३२. मराठी ६८, पॉइंट ७, गुणाकार २८. पर्यावरणात पन्नासपैकी ३५, म्हणजे ७० टक्के, पॉइंट ८. पण क्रेडिट दोनच, म्हणून १६. कौशल्य विषयात पन्नासपैकी ४२, पॉइंट ९, गुणाकार १८. सगळी बेरीज १४६. एकूण क्रेडिट २०. १४६ भागिले २० म्हणजे ७.३०. मुलांचा हिशेब चुकला तो इथे: सोप्या दोन विषयांचे ८ आणि ९ त्यांनी पूर्ण वजनाने धरले होते.

याच मुलीचे गुण जुन्या पद्धतीने जोडले तर ५०० पैकी ३३३, म्हणजे ६६.६ टक्के. म्हणजे ७.३० ला दहाने गुणून ७३ टक्के लिहिलं की ते खोटं ठरतं. हा फरक येतो टप्प्यांमुळे. अर्थशास्त्रात ६२ मिळोत की ६९, पॉइंट सातच. उलट इतिहासात एक गुण कमी, ५४ पडले असते, तर पॉइंट ५ झाले असते आणि एसजीपीए सरळ ७.१० वर आला असता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायचा की नाही ते यावर ठरतं. ५४ वाल्याने भरावा. ६४ वाल्याचे दोन-तीन गुण वाढले तरी एसजीपीए हलणार नाही. त्याची फी वाया जाते, आणि आमच्या मुलांना ती फी जड जाते.

खरी अडचण शिष्यवृत्तीच्या अर्जात आली, कारण तिथे टक्क्यांचा रकाना असतो. सायबर कॅफेवाल्याने काहींना ९.५ ने गुणून दिलं होतं. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या निकालाचं; त्याने ७.३० चे ६९.३५ होतात. आमच्या विद्यापीठाच्या पदवीला ते लागूच नाही. म्हणून नोटिशीत लिहिलं की टक्के लागतील तिथे विद्यापीठाचंच रूपांतर-सूत्र वापरा आणि ऑफिसातून सही-शिक्क्याचं पत्र घेऊन अर्जाला जोडा. मोठ्या बाबूंनी त्या पत्राचा नमुना त्याच दिवशी टाइप करून ठेवला.

नोटीस बोर्डाच्या काचेआड लावली आणि एक प्रत बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडेही ठेवली, कारण बाहेरगावची मुलं आधी तिथेच थांबतात. त्या वडिलांना मी वहीवर हाच हिशेब मांडून दाखवला. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “मंग पुढच्या खेपेला इतिहासावर जोर द्या लागते ना?” चार क्रेडिटचा आणि सगळ्यात कमी पॉइंटचा विषय तोच होता. मी हो म्हटलं.